रिव्हर्स स्विंग: जुना बॉल उलटा का वळतो? (कॉमेंट्रीवाले सांगत नाहीत, तुम्ही सांगा)

धंतोलीचा_धोंडू
मंडळी, एक जुनी शंका आहे. टेस्ट बघताना चाळीस-पन्नास ओव्हर झाल्या की कॉमेंट्री बॉक्समध्ये एकदम चैतन्य येतं, बॉल रिव्हर्स व्हायला लागला, आता मजा बघा, बॅट्समनने शाइन कुठे आहे ते बघायला पाहिजे वगैरे. हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्हीकडे तेच. पण का उलटा जातो हे कोणी सांगत नाही, फार तर एक बाजू जड झाली म्हणतात आणि जाहिरात लागते.

माझा प्रश्न साधा आहे. नवा बॉल चकचकीत, सीम टणक, म्हणून तो स्विंग होतो हे पटतं. मग बॉल घासून पार रया गेल्यावर त्याने सरळ जायला पाहिजे ना? तो परत वळतो आणि तेही विरुद्ध दिशेला, हे काय गौडबंगाल आहे? शाळेतलं विज्ञान आठवणाऱ्यांनी लिहा, खेळलेल्यांनी तर नक्की लिहा.

वऱ्हाडी_तडका
बे भाऊ, म्हातारपणी माणूसही उलटाच वागते, बॉलचं काय घेऊन बसला 😄

फिरकी_फॅन
सकलेन मुश्ताकने आणलं ना हे. ऑफस्पिनची ॲक्शन आणि बॉल बाहेर निघतो. नंतर हरभजन पण टाकायचा. मनगटाची कमाल आहे सगळी, जुन्या-नव्या बॉलचा संबंध नाही.

धंतोलीचा_धोंडू
@फिरकी_फॅन तो दूसरा झाला हो. तो टप्पा पडल्यावर वळतो. मी फास्ट बोलरचं विचारतोय, हवेतल्या हवेत वळणारं.

सीमवाला
क्लब क्रिकेट बरीच वर्षं खेळलोय, नवा बॉल माझ्याकडेच असायचा, त्यामुळे अनुभवाचं सांगतो. एक बाजू घामाने, थुंकीने घासून घासून चमकवायची, दुसरीला हातच लावायचा नाही, ती खरबरीत होऊ द्यायची. चमकवलेल्या बाजूत घाम मुरतो, चामडं पाणी पितं, ती बाजू जड होते आणि बॉल जड बाजूकडे ओढला जातो. नव्या बॉलला घाम मुरत नाही म्हणून तो रिव्हर्स होत नाही. आम्हाला सीनियर लोकांनी हेच शिकवलं आणि मैदानावर व्हायचं पण तसंच. मी टाकलेले बॉल शाइनच्या बाजूला गेलेले डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे पुस्तकी लोकांनी वाद घालू नये.

वाऱ्याची_वही
सीमवाले भाऊ, पुस्तकी माणूस आलाच बघा. कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते, त्यामुळे हा धागा सोडवत नाही.

तुम्ही जे पाहिलं ते खरं असेल. कारण मात्र पटत नाही. अख्खा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, एका बाजूच्या चामड्यात घामाने भर पडून पडून किती पडणार? आणि एक बाजू थोडी जड असली तरी बॉल त्या बाजूला का सरकेल, तिकडे ढकलणारं काही लागेल ना. ढकलते ती हवा. तेवढं एकच नीट बघू.

बॉल जाताना त्याच्या अंगाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर वाहतो. बॉलच्या मागच्या अंगाला कुठेतरी तो थर सुटतो. दोन्ही बाजूंना एकाच जागी सुटला तर बॉल सरळ. एका बाजूला उशिरा सुटला तर मागची हवा दुसऱ्या बाजूला फेकली जाते आणि बॉल उशिरा सुटलेल्या बाजूकडे ढकलला जातो. स्विंग म्हणजे एवढंच, नवा असो की जुना.

आता नवा बॉल. सीम स्लिपकडे तिरकी धरली, समजा वीसेक अंश. सीमच्या बाजूने जाणारा थर त्या टाक्यांवर अडखळतो आणि खळबळतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा थर शांत वाहत राहतो. गंमत अशी की शांत थर लवकर सुटतो आणि खळबळलेला जास्त वेळ चिकटून राहतो, कारण त्यात बाहेरची जोरात जाणारी हवा सतत मिसळत असते. म्हणून बॉल सीमच्या दिशेला, म्हणजे स्लिपकडे. आउटस्विंगर.

उलटं कधी होतं ते जेवण झाल्यावर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

वऱ्हाडी_तडका
मॅडमने ऐन ड्रिंक्स ब्रेकले सोडलं राजेहो

पंचकाका
तोवर मी थोडं लिहितो. इथल्या लीग सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. बॉल रिव्हर्स व्हायला लागला हे बोलरच्या आधी पंचाला कळतं. कसं, तर फील्डिंग टीमचं वागणं बदलतं. बॉल एकाच माणसाकडे जायला लागतो, ज्याचे हात कोरडे राहतात त्याच्याकडे. बाकीचे दोन बोटांत, सीमला धरून पुढे देतात, रफ बाजूला तळहात लागू देत नाहीत. डीपमधून थ्रो मुद्दाम एक टप्पा देऊन यायला लागतात, म्हणजे बॉल कोरड्या पिचवर आपटून आणखी सोलला जातो. टप्पा नको म्हणून मी टोकलंय अनेकदा, तर "काका, हात दुखतो" असं उत्तर येतं. वीस वर्षांच्या पोराचा हात दुखतो!

आपल्या विदर्भात हे जास्त का होतं तर मैदानं कोरडी. मार्च-एप्रिलमध्ये आउटफील्ड म्हणजे सॅंडपेपरच. ज्या मैदानावर गवत दाट आणि ओल असते तिथे बॉल सोलला जात नाही आणि रिव्हर्सची वाट बघत बसावं लागतं. रात्रीच्या मॅचमध्ये दव पडलं की विषयच संपला.

वऱ्हाडी_तडका
सँडपेपर म्हणू नका काका, ऑस्ट्रेलियावाले धावत येतीन. २०१८ मधी केपटाउनले त्या पोरानं पॅंटीत लपवला होता ना, पिवळा पिवळा

धंतोलीचा_धोंडू
हो, स्मिथ आणि वॉर्नरला वर्षभर घरी बसवलं त्यापायी. म्हणजे फक्त एक बाजू खरबरीत करण्यासाठी एवढी जोखीम घेतात तर तिथेच काहीतरी आहे. मॅडम, कुकर उतरला का?

वाऱ्याची_वही
उतरला. तर पुढे.

वर म्हटलं ते सगळं एका गोष्टीवर टिकून आहे, की सीम नसलेल्या बाजूचा थर शांत राहतो. तो शांत कधी राहत नाही? एक तर बॉल फार जोरात गेला तर. थराला खळबळायला सीमची गरजच उरत नाही, वेगानेच तो बॉलच्या पुढच्या अंगावर, सीमपर्यंत पोचायच्या आधीच खळबळतो. दोन्ही बाजूंना. मग सीमच्या बाजूला काय होतं? आधीच खळबळलेला थर सीमवर आपटतो आणि आणखी जाड होतो, दमतो, आणि दमलेला थर लवकर सुटतो. समोरच्या बाजूचा थर अजून ताजा असतो, तो जास्त वेळ चिकटून राहतो. आता उशिरा सुटणारी बाजू बदलली. सीम स्लिपकडेच आहे पण बॉल आत येतो. हाच तो रिव्हर्स.

सीमचं काम तेच, टाके तेच, बोलरचा हातही तोच. फक्त सीमपर्यंत येणारी हवा आधीच खळबळलेली आहे, म्हणून त्याच टाक्यांचा परिणाम उलटा.

धोंडूभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर आता. नव्या गुळगुळीत बॉलला हे करायला ताशी १४५ किलोमीटरच्या वर वेग लागतो, तो जगात मोजक्या लोकांकडे. पण पृष्ठभाग खरबरीत असेल तर थर कमी वेगातच खळबळतो. म्हणून घासलेल्या बॉलला १२५-१३०लासुद्धा ते जमू शकतं. म्हणजे बॉल जुना झाल्याने नवीन काही शक्ती येत नाही, रिव्हर्ससाठी लागणारी वेगाची अट खाली येते. नासाच्या एम्स केंद्रातले रवींद्र मेहता यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, वाऱ्याच्या बोगद्यात बॉल ठेवून. ते आणि इम्रान खान इंग्लंडमध्ये एकाच शाळेत होते ही गंमतच.

सीमवाला
ठीक आहे, जड बाजू सोडून देऊ. पण मग कोरड्या-ओल्याची एवढी भानगड कशाला? घाम लावतातच ना?

वाऱ्याची_वही
घाम लावतात चमक राखायला, ती बाजू भिजवायला नाही. घाम लावून घासलं की सुटलेले धागे, छोटे ओरखडे बसतात. दुसरी बाजू कोरडी ठेवतात कारण ओल लागली की तिचे उठलेले पापुद्रे चपटे होतात, मग खरबरीतपणा गेला. पंचकाकांनी लिहिलेलं सगळं वागणं यात बसतं.

अनघा_त्रिमूर्तीनगर
मला यातलं फार कळत नाही पण माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, फास्ट बोलिंग टाकतो, अकॅडमीत जातो. सध्या घरभर बॉल घासत असतो, सगळ्या पॅंटी लाल झाल्यात, धुवून डाग निघत नाहीत. त्याला वाटतं तो रिव्हर्स टाकू शकत नाही म्हणजे त्याचं मनगट चुकतंय, कोचही मनगट मनगट करतात. त्याचा वेग कोणीतरी मोजला तर शंभरच्या आसपास भरला. यात मनगटाचा किती भाग आणि वेगाचा किती? आणि लाल डागांवर काही उपाय असेल तर तोही सांगा.

वाऱ्याची_वही
अनघाताई, शंभरला खरा रिव्हर्स जवळजवळ होत नाही. त्या वेगाला सीमच्या पलीकडचा थर सहसा शांतच राहतो. मनगटाचा भाग एवढाच, की सीम हवेत डगमगायला नको, तिरकी धरली तर तिरकीच राहायला हवी. डगमगली तर साधा स्विंगही जातो. उलट साध्या स्विंगला सर्वांत जास्त जोर ११०-११५ च्या आसपास मिळतो, म्हणजे त्याचा वेग दोनेक वर्षांत तिथे पोचेल. त्याला म्हणा, नवा बॉल माग.

सीमवाला
आणि ताई, त्याला एक प्रयोग करायला सांगा. बॉलची एक बाजू खरबरीत झाली असेल तर सीम तिरकी न धरता अगदी सरळ, बॅट्समनकडे उभी ठेवून टाकायला लावा. आम्ही शंभर-एकशेदहावालेच होतो, तेव्हा असा बॉल खरबरीत बाजूकडे जायचा.

वाऱ्याची_वही
हे एकदम बरोबर, आणि शास्त्रातही बसतं. सीम सरळ असली की तिचा प्रश्न बाजूला पडतो, फरक फक्त पृष्ठभागाचा. कमी वेगाला खरबरीत बाजूचा थर खळबळून चिकटून राहतो, गुळगुळीत बाजूचा सुटतो, बॉल खरबरीत बाजूकडे. जोरात टाकला तर तोच बॉल चमकदार बाजूकडे, कारण तेव्हा खरबरीत बाजूचा थर जास्त जाड होऊन आधी सुटतो.

अनघा_त्रिमूर्तीनगर
धन्यवाद, वाचून दाखवलं. "म्हणजे मनगट ठीक आहे ना" एवढंच ऐकलं त्याने आणि बॉल घेऊन खाली गेला. डागांचं कोणीच सांगितलं नाही.

पंचकाका
ताई, डाग निघत नाही. खेळणाऱ्याच्या पांढऱ्या पॅंटवर लाल पट्टा नसेल तर कॅप्टन ओरडतो.

पुणेरी_शंका
उशिरा येतोय पण एक खुपतंय. सगळे म्हणतात बॉल शाइनच्या बाजूला जातो, सीमवालेही तेच म्हणाले. पण वहीबाईंच्या गणिताने बघू. सीम स्लिपकडे, म्हणजे बॉलची लेग बाजू बॅट्समनच्या समोर येते. तिथला थर आधीच खळबळायला हवा म्हणून तिथे खरबरीत बाजू हवी. बॉल मग आत, लेगकडे जातो. म्हणजे तो खरबरीत बाजूकडे गेला की! मग शाइनची बाजू कुठून आली? दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

वाऱ्याची_वही
शंका चोख आहे, टाळणार नाही. बोगद्यातले प्रयोग सांगतात तिरक्या सीमचा रिव्हर्स हवा तर खरबरीत बाजू बॅट्समनसमोर ठेवा, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. मैदानावर बोलर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात बॉल शाइनकडे जातो. एक शक्यता अशी, की मैदानावर पुष्कळ वेळा सीम दिसते तितकी तिरकी नसते, जवळजवळ सरळ असते, आणि मग वर लिहिलेली दुसरी गोष्ट चालते, वेगवान बॉल चमकदार बाजूकडे. दोन्ही मिसळून पण होत असेल. सीमच्या विरुद्ध दिशेला जाणं, त्याचं कारण आणि वेगाची अट यावर मी पैज लावेन. शाइन कुठल्या बाजूला धरायची यावर बोलर आणि बोगदा यांचं भांडण मिटवायची माझी लायकी नाही.

सीमवाला
बोगद्यात विकेट मिळत नाही मॅडम, शाइनकडेच जातो 😌

पुणेरी_शंका
तुमचा वेग शंभर-एकशेदहा होता म्हणालात. मग तुम्ही पाहिलं ते नेमकं काय होतं?

सीमवाला
पुण्याचे ना तुम्ही? वाटलंच.

जामठा_एंड
धागा वाचून राहवलं नाही. रिव्हर्स म्हटलं आणि नागपूर, तर फेब्रुवारी २०१० ची आठवण काढलीच पाहिजे. जामठ्याला साउथ आफ्रिकेची टेस्ट. अमलाने नाबाद २५३ मारले, कॅलिसने १७३, त्यांनी ५५८ वर डाव सोडला. तिसऱ्या दिवशी आपण खेळत होतो, सेहवागने शंभर मारलेले, बद्रीनाथ पहिलीच टेस्ट खेळत होता आणि पन्नास करून टिकून होता. चहाला वाटत होतं गाडी रुळावर येईल. चहानंतर स्टेन. शेवटच्या सहा विकेट १२ रनांत! सगळे मिळून २३३, स्टेन ५१ रन देऊन ७.

बॉल तेव्हा पन्नासेक ओव्हर खाल्लेला. साहाचीही पहिलीच टेस्ट, आयत्या वेळी टीममध्ये आलेला. त्याने बॅट वर उचलून बॉल सोडला आणि तो आत येऊन ऑफ स्टंप घेऊन गेला. तेव्हा अख्ख्या नागपुराने पोराला नावं ठेवली, असा बॉल सोडतात का म्हणून. आता वरचं वाचल्यावर वाटतं, सोडणारच ना तो. स्टेनचा मुख्य बॉल बाहेर जाणारा, सीम स्लिपकडे, ॲक्शन आउटस्विंगरची. त्याच हाताने, त्याच सीमने बॉल आत आला तर माणसाने बघायचं काय?

वाऱ्याची_वही
वा, याहून चांगलं उदाहरण नाही. हातात बॉलची बाजू पलटवली की झालं, पकड आणि ॲक्शनला हात लावावा लागत नाही. साध्या इनस्विंगला मनगट बदलावं लागतं, बॅट्समन ते वाचतो. इथे वाचायला काही उरत नाही, म्हणून झहीरसारखे लोक धावत येताना दुसऱ्या हाताने बॉल झाकतात, कुठली बाजू कुठे हे दिसू नये म्हणून.

अजून एक. कॉमेंट्रीत उशिरा वळला उशिरा वळला म्हणतात ना, त्याचा हिशोब करून बघू. बॉल १४० ने सुटला. बॅट्समनपर्यंत साधारण अर्धा सेकंद. बाजूला ढकलणारा जोर समजा बॉलच्या वजनाच्या एक तृतीयांश, फुल लेंग्थचा बॉल. अख्ख्या प्रवासात तो ३७-३८ सेंटीमीटर बाजूला सरकतो. पण जोर सारखा असेल तर सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणून पहिल्या अर्ध्या वेळेत फक्त चौथाई, नऊ-साडेनऊ सेंटीमीटर. उरलेले २८ दुसऱ्या अर्ध्यात. तिन्ही स्टंप मिळून रुंदी आहे २२.८६. बॅट्समन सोडायचं की खेळायचं हे पहिल्या अर्ध्यात ठरवतो, तेव्हा बॉल जेमतेम वळलेला असतो. साहाचं तसं झालं असावं.

धंतोलीचा_धोंडू
थांबा, मग उशिरा वळणं हे रिव्हर्सचं वैशिष्ट्य नाहीच? साधा स्विंगही तसाच उशिरा वळेल की या हिशोबाने.

वाऱ्याची_वही
बरोबर पकडलंत. वेळेचा वर्ग दोघांना सारखा. रिव्हर्स जास्त उशिरा वाटतो कारण तो टाकणारे जास्त वेगवान असतात आणि बॅट्समनची अपेक्षा दुसऱ्या बाजूची असते. उलट हवेत बॉलचा दहा-बारा टक्के वेग जातो, म्हणजे जो बॉल कसाबसा रिव्हर्सच्या वेगात होता तो शेवटी त्यातून खाली घसरू शकतो. कॉमेंट्रीत "शेवटच्या क्षणी झटका दिला" म्हणतात तो झटका मला आकड्यांत सापडत नाही.

सीमवाला
मॅडम, यावर मात्र मी भांडणार. बॅट्समन म्हणून उभा राहिलोय अशा बॉलसमोर. झटका असतो.

वाऱ्याची_वही
दिसतो, हे मान्य.

पुणेरी_शंका
दुसरा विषय. वनडेत दोन नवे बॉल आले आणि रिव्हर्स मेला असं सगळे म्हणतात, २०११ पासून. मग १९९२ च्या फायनलला वासिम अक्रमने लॅम्ब आणि लुईसला लागोपाठ उडवलं, त्या वर्ल्ड कपातही दोन्ही टोकांना वेगळे बॉल होते. पस्तिसाव्या ओव्हरला तो बॉल सतरा-अठरा ओव्हरच जुना. मग दोन बॉलचं रडगाणं कशाला?

जामठा_एंड
वासिमचा वेग आणि डावखुरा हात बघा ना भाऊ. आणि पांढरा बॉल कसा बनतो हे तेव्हा आणि आता सारखं आहे का? शिवाय आता मैदानं हिरवी, एका बाजूने २५ ओव्हरमध्ये बॉल घासला जात नाही. आयसीसीलाही पटलं असावं, २०२५ मध्ये नियम बदलला, ३४ ओव्हरपर्यंत दोन, पुढे त्यातला एकच. बघू फरक पडतो का.

पंचकाका
थुंकीचंही आहे. २०२० मध्ये करोनात बंद केली, २०२२ मध्ये कायमची बंद. आयपीएलने २०२५ मध्ये परत सुरू केली. शमीसारखे बोलर मागत होते कारण घामाने तेवढी चमक राहत नाही असं त्यांचं म्हणणं. मला मैदानात तरी मोठा फरक दिसला नाही, पण आमच्या लीगमध्ये १३० टाकतो कोण!

फिरकी_फॅन
मी सगळं वाचलं. म्हणजे बॉल हवेत वळतो, टप्प्यावर नाही. मग उमेश यादव जुन्या बॉलवर स्टंप उडवतो ते हेच ना? आपल्या खापरखेड्याचा.

जामठा_एंड
हेच. १४० च्या वर टाकायचा, फुल लेंग्थ, स्टंपवर. भारतातल्या कोरड्या पिचवर स्पिनर्सच्या गर्दीत त्याला बॉल जुना झाल्यावरच आणायचे, ते उगीच नाही. एसजीचा बॉल, सीम हाताने शिवलेली आणि उंच, ती लवकर बसत नाही. कूकाबुराची सीम लवकर चपटी होते. सीमच नाही तर उलटं-सुलटं काय करणार.

वऱ्हाडी_तडका
आता मले समजलं. सीम तिरपी, जोर पायजे, बॉल सोललेला पायजे, हात कोरडा पायजे, दव नको. एवढ्यात तर आमच्या गल्लीतली मॅच संपून जाते, बॉल नालीत जाते

धंतोलीचा_धोंडू
तडका, नालीत गेलेला बॉल ओला, म्हणजे तुझ्याकडे रिव्हर्स शक्यच नाही, विषय मिटला 😄

मॅडम, एक शेवटचं. ढगाळ वातावरणात स्विंग जास्त होतो म्हणतात, दमट हवा जड असते म्हणून. रिव्हर्सला कोरडं लागतं. मग हवेचा संबंध काय?

वाऱ्याची_वही
दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते, जड नाही. म्हणून ते कारण टिकत नाही. ढगांखाली स्विंग होतो हे अनेक बोलर शपथेवर सांगतात, आणि त्याचं ठाम कारण अजून कोणी बोगद्यात दाखवलेलं मला दिसलं नाही. कोरडेपणाचा संबंध हवेपेक्षा मैदानाशी आणि हाताशी जास्त, पंचकाकांनी लिहिलंच आहे.

सीमवाला
रविवारी सकाळी नेट्स आहेत आमचे, म्हातारे-कोतारे सगळे येतात. एका बॉलवर खरबरीत बाजूला मार्करने फुली मारतो, कडेला मोबाइल लावून स्लो मोशनमध्ये घेतो. तिरकी सीम आणि सरळ सीम, दोन्ही. मॅडम तुम्ही पण या, आणि पुण्याचे शंका महाराज व्हिडिओवरून हरकती घ्यायला मोकळे. अनघाताई, पोराला पाठवा, आमच्यात जोरात टाकणारा कोणी उरला नाही.

अनघा_त्रिमूर्तीनगर
पाठवते. जुनी पॅंट घालून पाठवते.

पुणेरी_शंका
फुलीचा मार्कर ओला असतो, त्याने खरबरीतपणा बदलेल. फुली सीमजवळ नको, मध्यभागी छोटी मारा.